केदारकांठ्याला डोक्यावर काय घालायचं: लोकरीची बीनी, फ्लीसचा हेडबँड की इअर मफ?

डिसेंबर उजाडला की पुण्या-मुंबईतून उत्तराखंडातल्या केदारकांठा ट्रेकसाठी पायथ्याच्या सांकरी गावाला जाणाऱ्यांची रीघ लागते आणि प्रत्येक ग्रुपवर तोच प्रश्न येतो, टोपी कुठली घेऊ? आणि उत्तरही ठरलेलंच येतं, सगळ्यात जाड मिळेल ती लोकरीची घे. मी पहिल्यांदा केदारकांठ्याला गेलो तेव्हा नेमकं हेच केलं होतं. आतून फरसारखं अस्तर असलेली जाडजूड टोपी, पहाटे टेंटमधून निघताना कानाखालपर्यंत ओढून घेतली आणि वर पोचेपर्यंत काढलीच नाही. चढताना मस्त उबदार वाटत होतं, खरं तर गरमच होत होतं, पण थंडीत गरम होतंय म्हणजे चांगलंच की असं वाटलं. समिटवर पोचलो, फोटो काढायला म्हणून थांबलो, वारा सुटला होता, आणि दहा मिनिटांत डोकं असं गार पडलं की दात वाजायला लागले. टोपी काढून बघितली तर केस अंघोळ केल्यासारखे ओले, आणि कानाजवळच्या केसांची टोकं कडक झालेली, बर्फाची. टोपी जाड होती, महाग होती, पण आतून चिंब होती.

तेव्हापासून मी हा विषय जरा मनावर घेतलाय, कारण चूक टोपीची नव्हती, ती कधी घालायची हे मला माहीत नव्हतं.

आधी शरीराचं बघू. आपण शांत बसलेलो असताना आपलं शरीर साधारण १०० वॅट उष्णता बाहेर टाकतं, म्हणजे तो जुना पिवळा बल्ब असायचा तेवढी. पाठीवर सॅक घेऊन बर्फात चढ चढायला लागलो की हीच उष्णता पाच-सहा पट होते. तापमान तेच, कपडे तेच, पण आतली भट्टी पाच-सहा पट पेटलेली. म्हणजे बाहेर उणे ८ असलं तरी चढणाऱ्या माणसाची आणि वर थांबून फोटो काढणाऱ्या माणसाची थंडी एकच नसते. त्यामुळे किती डिग्री आहे यावरून टोपी ठरवायला गेलं की गडबड होते. पुढची वीस मिनिटं मी चढणार आहे की थांबणार आहे, यावरून ठरवायचं.

आता डोक्याबद्दल एक गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली असते की अंगातली चाळीस-पंचेचाळीस टक्के उष्णता डोक्यातूनच जाते. हे खरं नाही. हा आकडा अमेरिकी सैन्याच्या जुन्या माहितीपुस्तकातून पसरला. डोकं म्हणजे अंगाच्या कातडीचा साधारण दहावा भाग, आणि बाकीच्या अंगासारखंच ते उघडं असेल तर उष्णताही साधारण तेवढ्याच हिश्श्याने जाते. पण बाकी अंगावर तीन-तीन थर आणि डोकं मात्र उघडं असेल तर बाहेर पडायला तीच एक वाट उरते, म्हणून ती जास्त जाणवते.

पण डोक्यात एक खरंच वेगळी गोष्ट आहे, आणि सगळी निवड त्यावरच अवलंबून आहे. थंडी लागली की हाताच्या बोटांकडचा रक्तपुरवठा शरीर आवळून घेतं, बोटं गार पडली तरी चालतील पण आतलं ऊबदार राहू दे असा हिशोब. डोक्याच्या कातडीत मात्र हे आवळणं फारसं होत नाही. तिथलं रक्त वाहतच राहतं आणि उष्णता देतच राहतं. म्हणजे माथा आणि टाळू ही आपली खिडकी आहे, ती उघडी ठेवली की जास्तीची ऊब बाहेर जाते आणि झाकली की आत राहते.

कान एकदम उलटे. कानाची पाळी सोडली तर वरचा सगळा भाग म्हणजे कूर्चा आणि त्यावर पातळशी कातडी, मध्ये चरबीचं अस्तर जवळपास नाहीच. त्यात कान पापडासारखा पातळ आणि दोन्ही बाजूंनी वारा खाणारा. थंडीत तिथला रक्तपुरवठाही कमी होतो. त्यामुळे अंग घामेजलेलं असताना सुद्धा कान गोठू शकतात. आजी लोक 'कानाला वारं लागेल' म्हणून कापसाचे बोळे द्यायच्या किंवा स्कार्फ गुंडाळायला लावायच्या, त्यात तथ्य आहे, कान सगळ्यात आधी हार मानतो.

म्हणजे बघा, चढणाऱ्या माणसाच्या एकाच डोक्याला दोन वेगळ्या गोष्टी हव्या असतात, माथ्यावरची खिडकी उघडी पाहिजे आणि कान मात्र बंद पाहिजेत. बीनीने दोन्ही बंद होतं. टोपी काढली की दोन्ही उघडं पडतं. हेडबँडने माथा उघडा राहतो आणि कान झाकले जातात, म्हणून चढताना हेडबँड, एवढं सोपं आहे ते. कपाळही झाकलं जातं, त्यामुळे समोरून वारा आला की कपाळ ठणकायला लागतं ना, तेही वाचतं.

मग हेडबँड फ्लीसचा का आणि बीनी लोकरीची का, हे घामाशी जोडलेलं आहे. फ्लीस म्हणजे पॉलिस्टर, आणि पॉलिस्टरचा धागा स्वतः पाणी पितच नाही म्हटलं तरी चालेल. घाम धाग्यांच्या मधल्या जागेत राहतो, आत शिरत नाही. त्यामुळे ओला झालेला फ्लीसचा हेडबँड काढून पिळला, दोनदा झटकला की बराचसा कोरडा होतो, आणि चालता चालता अंगाच्या उष्णतेने उरलेलं पाणी उडून जातं. चढताना कपाळावर घाम येणारच, तो सहन करणारी आणि लवकर विसरणारी वस्तू तिथे हवी.

लोकरीचं वेगळं आहे. लोकरीचा धागा स्वतःच्या वजनाच्या साधारण ३० टक्क्यांपर्यंत ओलावा आत शोषून घेऊ शकतो आणि तरी हाताला ओला लागत नाही. शिवाय तो कुरळा असतो, दमट झाला तरी चपटा होत नाही, मधली हवा धरून ठेवतो, आणि ऊब म्हणजे शेवटी ती अडकलेली हवाच. वासही कमी धरते. म्हणून तासन्‌तास घालून बसायचं, झोपायचं, थांबायचं असेल तर लोकर फार छान. पण शोषलेलं पाणी ती सोडतेही सावकाश, आणि मर्यादेपलीकडे भिजली की मग टेंटमध्ये रात्रभर ठेवून सुद्धा सकाळी दमटच मिळते. माझ्या पहिल्या टोपीचं तेच झालं, चार तासांचा घाम तिने प्यायला आणि मग ऐनवेळी तिच्यात ऊब धरायला जागाच नव्हती. ओल्या वस्तूतून उष्णता कोरड्या हवेपेक्षा कित्येक पटीने लवकर निघून जाते, त्यात वारा लागला की घामाचं बाष्पीभवन सुरू होतं आणि तेही आपलीच उष्णता घेऊन जातं.

इथे एक सांगतो, बाजारात लोकरीच्या म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच टोप्या ॲक्रिलिकच्या असतात. लेबल वाचा, आणि लेबल नसेल तर आतल्या शिवणीतला एक धागा काढून चिमट्यात धरून सिंकवर जाळून बघा. लोकर असेल तर केस जळल्याचा वास येतो, आग काढली की विझते आणि राख बोटाने चुरडली जाते. ॲक्रिलिक असेल तर वितळतं आणि टोकाला काळा कडक मणी तयार होतो. ॲक्रिलिकची टोपी शहरात चालते, बर्फात घामाला ती लोकरीसारखी सांभाळत नाही.

आता दुसऱ्या वेळी मी समिटचा दिवस कसा काढला ते सांगतो, म्हणजे हे सगळं नीट लक्षात येईल.

सांकरी साडेसहा हजार फुटांच्या आसपास आहे आणि केदारकांठ्याचा माथा १२,५०० फूट. उंची वाढली की दर हजार मीटरला साधारण साडेसहा डिग्रीने तापमान उतरतं, म्हणजे गावात आणि माथ्यावर नुसत्या उंचीमुळेच बारा-एक डिग्रीचा फरक पडतो, वारा वेगळाच. समिटचा बेस कॅम्प साधारण ११,००० फुटांच्या वर, आणि तिथून पहाटे अंधारात निघतात, म्हणजे सूर्योदयाला वर पोचता येतं.

पहाटे तीनला उठलो तेव्हा डोक्यावर लोकरीची बीनी होती, रात्री झोपतानाच घातलेली. बूट बांधणं, चहा, गाईडची वाट बघणं, या अर्ध्या तासात आपण नुसते उभे असतो आणि भट्टी थंड असते, तेव्हा बीनीच पाहिजे. निघायची हाक आली तेव्हा मी बीनी काढली आणि हेडबँड घातला. हे करताना थंडी वाजते, डोक्यावर गार हात ठेवल्यासारखं होतं, आणि इथेच सगळे कच खातात, थोडं गरम झालं की काढू म्हणतात. पण थोडं गरम होईपर्यंत घाम सुरू झालेला असतो आणि रांगेत चालताना, ग्लोव्हज घातलेले, हेडटॉर्च टोपीवर बसवलेला, तेव्हा कोणी थांबून टोपी बदलत नाही. निघताना जरा थंडी वाजली तर बरोबर चाललंय समजा, दहा मिनिटांत ती जाते. मी जॅकेटचं हुड तेवढं पहिली दहा मिनिटं वर घेतलं आणि मग मागे टाकलं.

बीनी सॅकमध्ये नाही टाकली. जॅकेटच्या आतल्या खिशात, छातीशी ठेवली. सॅकमध्ये टाकलेली बीनी वर पोचेपर्यंत बर्फासारखी गार होते आणि शिवाय ती काढायला सॅक उतरवावी लागते.

मधल्या वाटेवर गाईडने दोनदा पाच-पाच मिनिटं थांबवलं. एवढ्यासाठी खिशातून बीनी काढायची गरज नाही, हुड वर घ्यायचं, पाणी प्यायचं, परत निघाल्यावर हुड खाली. माथ्याच्या आधीचा शेवटचा चढ उभा आहे, तिथे दम लागतो, सगळ्यात जास्त घाम तिथेच येतो, आणि तिथून वर आलं की एकदम मोकळा माथा आणि वारा. म्हणजे सगळ्यात जास्त ओले असताना सगळ्यात जास्त वारा. इथे पोचल्या पोचल्या, फोटोच्या आधी, स्वर्गारोहिणी आणि काळा नाग ही शिखरं बघायच्या आधी, मी हेडबँड काढून केस रुमालाने जरा पुसले, कोरडी बीनी घातली आणि वर हुड ओढलं. थंडी वाजायची वाट नाही बघायची, कारण थांबल्यावर भट्टी पटकन विझते पण घाम तसाच असतो. ओला हेडबँड झटकून त्याच आतल्या खिशात ठेवला. त्या दिवशी वर अर्धा तास थांबलो, निवांत, आणि मागच्या वेळेची आठवण आली की अजून बरं वाटत होतं.

उतरताना भट्टी चढाइतकी पेटत नाही पण थंडही नसते, त्यात ऊन आलेलं असतं. मी पहिला वाऱ्याचा टप्पा बीनीवरच उतरलो आणि झाडीत आल्यावर परत हेडबँड.

हुडबद्दल मुद्दाम बोलतोय कारण बीनी आणि हेडबँड दोघांचीही एक कमजोरी आहे, वारा दोन्हीतून आरपार जातो. विणलेल्या लोकरीतून जातो आणि साध्या फ्लीसमधून तर फारच जातो. उणे १० डिग्रीत ताशी ३० किलोमीटरचा वारा असेल तर उघड्या कातडीला ती थंडी उणे २० सारखी लागते. वाऱ्याला अडवायला पातळ का होईना पण घट्ट विणीचा थर लागतो, म्हणजे जॅकेटचं हुड. काही हेडबँडना कानाच्या जागी वारा अडवणारं कापड लावलेलं असतं, तो मिळाला तर घ्यावा. ओळखायची पद्धत साधी आहे, कापड तोंडाला लावून फुंकर मारायची, पलीकडे हाताला हवा लागली तर वाराही लागणार.

आता राहिले इअर मफ. अमेरिकेतल्या मेन राज्यात फार्मिंग्टन गावाच्या चेस्टर ग्रीनवुड नावाच्या मुलाने स्केटिंग करताना कान गार पडतात म्हणून तारेला दोन गोल बसवून ते केले असं सांगतात, आणि १८७७ साली त्यांचं पेटंट घेतलं. त्यांचा गुण असा की कान अगदी पक्के झाकतात, केस विस्कटत नाहीत, एका हाताने चढवता-उतरवता येतात. डोक्यामागून पट्टी जाणारे असतात ते तर टोपीबरोबरही बसतात. हळू हालचाल आणि मध्यम थंडी असेल तिथे ते उत्तम. निफाडला जानेवारीत पारा पाच-सहावर येतो तेव्हा पहाटे फिरायला जाणाऱ्या माणसाला डोकं झाकायची गरज नसते, कानच दुखतात, त्याला इअर मफ बास. माझे काका तसेच वापरतात आणि त्यांना माकडटोपीत घुसमटल्यासारखं व्हायचं ते बंद झालं.

पण ट्रेकला मी ते नेत नाही. कपाळ उघडं राहतं. वरून पट्टीवाले असतील तर हुड नीट बसत नाही, हेडटॉर्चचा पट्टा त्यांच्याशी भांडतो, आणि सॅकमध्ये दाबले की प्लास्टिकची पट्टी थंडीत कडक होऊन मोडू शकते. शिवाय जाड गोल कानावर गच्च बसले की ऐकू कमी येतं, आणि अंधारात बर्फाच्या वाटेवर गाईड 'डावीकडे दबून चाला' म्हणतोय ते ऐकू येणं ऊबेइतकंच गरजेचं आहे.

कान गोठतायत हे कसं कळतं ते सांगतो, कारण ते स्वतःचं स्वतःला दिसत नाही. आधी कान झोंबतात, टोचतात. हे ठीक आहे, रक्त पोचतंय. मग अचानक दुखायचं थांबतं आणि माणसाला वाटतं सवय झाली. सवय नाही झालेली, कान बधिर झालाय. गोऱ्या कातडीवर तो भाग पांढरा दिसतो, आपल्यासारख्या सावळ्या कातडीवर राखाडी किंवा मेणचट फिका दिसतो. म्हणून जोडीदाराने दर वीस-तीस मिनिटांनी टॉर्च मारून एकमेकांचे कान बघायचे. असं दिसलं तर ग्लोव्हज काढून गरम तळवे कानावर नुसते धरून ठेवायचे. चोळायचं नाही, बर्फ तर अजिबात लावायचा नाही, त्याने नाजूक कातडीला इजा होते. सुरुवातच असेल तर काही मिनिटांत कान लाल होतो आणि चांगला झणझणतो. पण कडक लागत असेल, रंग परत येत नसेल किंवा नंतर फोड आले तर ते थांबण्याचं आणि डॉक्टरचं काम आहे. हवेचं तापमान शून्याच्या वर असेल तर कान दुखतो पण गोठत नाही, त्यामुळे सह्याद्रीत याची भीती नको.

आणि कानातलं सगळं खाली सांकरीलाच काढून ठेवा, कुड्या, रिंगा, बाळ्या, मुलांनी भिकबाळी सुद्धा. धातू पाळीतली ऊब बाहेर खेचतो आणि हेडबँडखाली टोचतो ते वेगळंच.

मापाचं म्हणाल तर बीनी घालून आरशासमोर दहा वेळा मान हलवायची, पाळी बाहेर आली तर ती बीनी चालताना वर सरकणार. काठ दुमडता येणारी असेल तर उत्तम, कानावर दोन थर येतात. हेडबँड कानावर निदान चार बोटं रुंद हवा आणि खाली एक बोट सहज जावं, घट्ट असला तर दोन तासांनी कपाळ ठणकतं आणि उंचीवर डोकं दुखलं की ते उंचीचं आहे की पट्टीचं हा घोळ होतो. चष्मा असेल तर काड्या हेडबँडच्या वरून जाऊ द्या, आत दाबल्या की कानामागे रुततात. वेणी किंवा पोनीटेल असेल तर बीनीपेक्षा हेडबँड कधीही सोयीचा, थांबल्यावर मात्र केस मोकळे करून बीनी घालायची.

पुण्यात असाल तर डिसेंबरात पहाटे पाचला आतकरवाडीतून सिंहगड चढून बघा. दहा-बारा डिग्री असते. हेडबँड घालून निघा, बीनी खिशात ठेवा, वर पोचल्यावर बदला. थंडी केदारकांठ्याची नसेल, पण आपल्याला चढताना किती मिनिटांनी घाम सुटतो आणि वर थांबल्यावर किती मिनिटांनी गारठा भरतो हे दोन आकडे कळतात. मला आठ मिनिटांनी घाम येतो, माझ्या बायकोला वीस मिनिटं लागतात, म्हणून ती पहिली वीस मिनिटं बीनी घालून चालते आणि तिचं तेच बरोबर आहे. घाम कमी येणाऱ्यांनी माझं बघून हेडबँडवर निघायचं नाही.

रात्रीसाठी बीनी वेगळी, कोरडी, फक्त झोपायची, असं मी करतो, दोन बीनी मिळून दीड-दोनशे ग्रॅमपेक्षा जास्त होत नाहीत. दिवसभराचा दमट हेडबँड पिळून स्लीपिंग बॅगमध्ये पोटाशी ठेवायचा, सकाळी कोरडा मिळतो. शेकोटीवर वाळवायला जाऊ नका, फ्लीसवर एक ठिणगी पडली की भोक पडतं, आणि ते नेमकं कानावर येतं.